नाव जुळलं म्हणजे पैसे पोचले?

सोसायटीचे हिशेब पाहायला लागल्यापासून एक वाक्य मी सतत ऐकतो: "नाव बरोबर टाकलंय ना, मग एखादा आकडा चुकला तर बँकच अडवेल." नाही अडवणार! रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१०च्या परिपत्रकानुसार एनईएफटी, आरटीजीएससारख्या व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते. नाव जुळवून पाहणं जमा करणाऱ्या बँकेवर बंधनकारक नाही. चुकीच्या क्रमांकाचं खातंच नसेल तर पैसे परत येतात. पण ते खातं दुसऱ्या कुणाचं असेल तर पैसे त्याच्याकडे जातात, आणि परत मिळवायला त्याची संमती लागते.

आमच्याकडे असंच झालं. रंगाऱ्याचा खाते क्रमांक एकाने फोनवर सांगितला, दुसऱ्याने टाइप केला. शेवटचे आकडे होते ४३७१. सांगणारा म्हणाला, "त्रेचाळीस, एकाहत्तर." मराठीत त्रेचाळीस म्हणताना तीन आधी तोंडात येतो, चार नंतर. घाईत कागदावर ३४७१ लिहिलं गेलं आणि तेच टाइप झालं. एकूण आकडे तितकेच, बेरीजही तीच, त्यामुळे वरवर पाहून काहीच खटकलं नाही. पैसे परक्या खात्यात गेले आणि रंगारी बिचारा दोन आठवडे फेऱ्या मारत राहिला.

"पण क्रमांक दोनदा टाइप करायला लावतात की!" हो, लावतात. पण कागदावर ३४७१ लिहिलेलं असेल तर दोन्ही वेळा ३४७१च पडणार. ती तुमच्या बोटांची तपासणी आहे, कागदाची नव्हे.

म्हणून पासबुक किंवा रद्द केलेला चेक समोर हवा, कुणी पाठवलेला मेसेज नको. आधी आकडे मोजा, कारण सलग शून्यांतलं एक हमखास गळतं. मग एकाने पासबुकातून वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवायचं. वाचताना "त्रेचाळीस" नाही, "चार, तीन". "तीन शून्यं" नाही, "शून्य, शून्य, शून्य". दुसऱ्या फेरीत उजवीकडून डावीकडे वाचा. ओळखीचा क्रमांक डोळे न बघताच पुरा करतात, उलटं वाचताना ती सोय राहत नाही.

"आता नाव स्क्रीनवर दिसतं." खरं आहे. १ एप्रिल २०२५पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. पण दिसलेलं नाव वाचून थांबायचं की नाही, हे पाठवणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

खाते क्रमांकाबरोबर आयएफएससीही तपासा: त्यात पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे.

बँकेबाहेरच्या क्रमांकांचंही तसंच. सातबाऱ्यावर ४७/२ आणि ४७/२/अ हे "जवळजवळ एकच" नसतात. त्या दोन वेगळ्या जमिनी आहेत.