न उच्चारलेल्या क्रियापदाची साक्ष

'रात्री जिन्यावर कोणीतरी आले होते. पण कोण, ते कळले नाही.' 'रात्री कोणीतरी कडी वाजवली. पण कोणी, ते कळले नाही.' नायगावच्या बीडीडी चाळीत सहज कानावर पडतील अशी ही दोन वाक्ये. दोन्हींच्या उत्तरार्धात प्रश्नाचा एकच शब्द उरला आहे, बाकीचा प्रश्न गळाला आहे. तरीही ऐकणाऱ्याला तो पूर्ण समजतो.

मग गळालेला भाग व्याकरणासह वाक्यात असतो आणि फक्त उच्चारला जात नाही, की ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो? अमेरिकी भाषावैज्ञानिक जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९६९ मध्ये या रचनेला 'स्लूसिंग' हे नाव दिले आणि पहिल्या पक्षाची बाजू मांडली. जर्मन भाषेत एकटा उरलेला प्रश्नार्थक शब्द न उच्चारलेल्या क्रियापदाला हवी तीच विभक्ती घेतो, हा त्यांचा एक आधार होता.

मराठीतील पुरावा आणखी नेमका आहे. वरील दोन्ही वाक्यांत 'कोणीतरी' हे रूप एकच आहे; म्हणजे 'कोण' आणि 'कोणी' हा भेद त्यावरून उचललेला नाही. 'येणे' अकर्मक असल्याने तेथे कर्तरी प्रयोग आणि कर्त्याची प्रथमा: 'कोण आले होते?' 'वाजवणे' सकर्मक. भूतकाळात कर्मणी प्रयोग आणि कर्त्याची तृतीया: 'कोणी कडी वाजवली?' आता अदलाबदल करून पाहा. 'कोणीतरी आले होते. पण कोणी, ते कळले नाही' हे कानाला लगेच खटकते. उत्तरार्धात क्रियापद नसेल, तर विभक्ती ठरवली कोणी?

मात्र एक मर्यादा आहे. कडीच्या वाक्यात 'पण कोण, ते कळले नाही' हेही चालून जाते, कारण तेथे 'ते कोण होते' असा वेगळा प्रश्न दडलेला असू शकतो. म्हणजे दडलेले वाक्य आधीच्या वाक्याची हुबेहूब नक्कल असतेच असे नाही. परंतु 'ते कोणी होते?' असा प्रश्न मराठीत होत नाही. म्हणून 'कोणी' आले, की दडलेले क्रियापद 'वाजवली' हेच मानावे लागते.

इंग्रजीत कर्त्यामागे केवळ 'डिड'सारखे सहायक क्रियापद ठेवून बाकीचा क्रियापदबंध गाळतात. मराठीत त्याच्या जवळची रचना म्हणजे 'मी चहा घेते, बाबाही' आणि 'मी चहा घेतला, बाबांनीही'. 'मी' दोन्हीकडे तसाच राहतो. 'बाबा' मात्र बदलतात.

पीटर क्युलिकव्हर आणि रे जॅकेनडॉफ यांनी २००५ मध्ये 'सिंपलर सिंटॅक्स' या ग्रंथात दडलेल्या रचनेची गरज नाकारली. तथापि उरलेल्या शब्दाचे नाते आधीच्या वाक्याच्या व्याकरणाशी त्यांनाही जोडावे लागते. नुसत्या अर्थाने 'कोण' आणि 'कोणी' यांतील निवड होत नाही.