अर्ध्या तासाची विनंती

पदार्थविज्ञान असो वा रसायनशास्त्र, परीक्षा जवळ आली की शिक्षकांच्या मेलबॉक्समध्ये एकाच वळणाची पत्रं येऊ लागतात. ‘मॅडम, इक्विलिब्रियम अजिबात कळलं नाही. एक्स्ट्रा लेक्चर घ्याल का प्लीज?’ पत्रात उद्धटपणा कुठेच नसतो, ‘प्लीज’ही असतं. पण हे वाचून मी तयारी कसली करायची? रासायनिक समतोल हे एक अख्खं प्रकरण आहे. ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं म्हटलं, तर जिथे गाडी अडली तिथे पोहोचेपर्यंत तास संपतो.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीनेही मला आधी असंच पत्र पाठवलं होतं. ‘नेमकं कुठे अडलं ते लिही,’ एवढंच मी कळवलं. दुसऱ्या दिवशी हे आलं:

‘आदरणीय मॅडम, नमस्कार. बंद भांड्यात N₂O₄ आणि NO₂ समतोलात आहेत. घनफळ तेच ठेवून आत आरगॉन सोडला तर काय होईल, असा प्रश्न आहे. एकूण दाब वाढतो, म्हणून समतोल कमी रेणूंच्या बाजूला, म्हणजे N₂O₄कडे सरकेल, असं मी लिहिलं. पुस्तकात उत्तर “काहीही बदल नाही” असं आहे. दोनदा करून पाहिलं, चूक सापडत नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. बुधवारी दोननंतर किंवा शुक्रवारी सकाळी आपल्याला अर्धा तास जमेल का? माझ्या दोन मैत्रिणीही इथेच अडल्या आहेत, आपली हरकत नसेल तर त्यांनाही आणते. जमणार नसेल तर काय वाचू ते कृपया सांगावं. आपली विद्यार्थिनी.’

या पत्रातली माझ्या सर्वांत उपयोगाची ओळ म्हणजे तिचं चुकलेलं उत्तर. पुष्कळ मुलं नेमकी तीच लपवतात. मला मात्र त्यावरून रोग लगेच कळला: तिने नियम पाठ केला होता, पण तो कोणत्या दाबाबद्दल बोलतो हे पाहिलं नव्हतं.

बुधवारी तिघी आल्या. फळ्यावर मी सोपे आकडे मांडले. 25 अंश सेल्सिअसला या समतोलाचा स्थिरांक सुमारे 0.15 आहे. तो काढताना NO₂च्या आंशिक दाबाचा वर्ग करायचा आणि त्याला N₂O₄च्या आंशिक दाबाने भागायचं. NO₂चा दाब 0.30 ॲटमॉस्फिअर आणि N₂O₄चा 0.60 धरला, तर 0.09 भागिले 0.60, म्हणजे बरोबर 0.15. आता 0.90 ॲटमॉस्फिअर आरगॉन आत सोडला. दाबमापकाचा काटा 0.90वरून 1.80वर जाईल. पण NO₂ 0.30वरच आहे, N₂O₄ 0.60वरच. भागाकारही तोच. आरगॉनला या सूत्रात जागाच नाही, मग समतोल सरकेल कशाला?

मग पाठ केलेला नियम खोटा का? नाही. भांडं दाबून घनफळ निम्मं केलं असतं, तर दोन्ही आंशिक दाब दुप्पट झाले असते. 0.60चा वर्ग 0.36, भागिले 1.20, उत्तर 0.30. हे 0.15पेक्षा जास्त आहे, म्हणून काही NO₂ रेणू जोडीजोडीने N₂O₄ होतात. ल शातेलिएच्या तत्त्वावरून वर्गात सांगितला जातो तो नियम या परिस्थितीचा. तिने तो आरगॉनला लावला होता.

एवढ्याला पंधरा मिनिटं पुरली. उरलेल्या वेळात मी सरकता दट्ट्या काढला: तेवढाच आरगॉन सोडायचा, पण एकूण दाब 0.90च ठेवायचा. तिघीही म्हणाल्या, ‘काहीच होणार नाही.’ आता नवा नियम पाठ झाला होता! दाब तोच राहायचा तर दट्ट्या वर सरकतो, घनफळ दुप्पट होतं आणि आंशिक दाब 0.15 व 0.30 एवढे उतरतात. भागाकार येतो 0.075. हा स्थिरांकापेक्षा कमी, म्हणून आता N₂O₄ तुटून NO₂ वाढतो.

NO₂ तपकिरी असतो आणि N₂O₄ रंगहीन. त्यामुळे एका मैत्रिणीने लगेच विचारलं, ‘म्हणजे रंग गडद होणार ना?’ हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. गणित करून पाहिलं. NO₂चे रेणू सुमारे सदतीस टक्के वाढतात, पण जागा दुपटीहून थोडी जास्त झाल्याने त्याचा दाब 0.20च्या आसपास थांबतो, म्हणजे आधीच्या 0.30हून कमीच. बाजूने पाहिलं तर रंग फिका दिसेल. पण दट्ट्या काचेचा असेल आणि त्यातून वरून खाली पाहिलं, तर नजरेच्या वाटेत आधीपेक्षा जास्त रेणू येतील आणि तोच वायू गडद दिसेल.