कुठलं औरंगाबाद?

समजा, पुण्यातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कुणी भाड्याचा तक्ता करतंय. एका रकान्यात गावांची नावं टाकली, शेजारी पुण्यापासूनचं हवाई अंतर आपोआप उमटलं: नाशिक १६५ किलोमीटर, सोलापूर २३५, औरंगाबाद १,२८५.

तिसऱ्या आकड्यात गणिताची चूक नाही. तो बिहारमधल्या औरंगाबादचा आहे, एवढंच. आपलं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, पुण्याहून हवाई मार्गाने जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर.

नकाशाला गावाचं नाव कळत नाही, त्याला अक्षांश-रेखांश लागतात. म्हणून आधी नावाचा ठिपका करावा लागतो आणि मग दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं जातं. घोटाळा होतो तो पहिल्या पायरीवर. एकाच नावाची चार गावं सापडली, की सेवा त्यांची क्रमवारी लावते: गाव केवढं, किती प्रसिद्ध, विचारणारा कुठे उभा आहे. मोबाइलवर शोधताना तुमचं ठिकाण ठाऊक असल्याने बहुधा जवळचं गाव वर येतं. तक्त्यातून नुसतं नाव गेलं, तर तो आधारच नसतो. त्यात नामांतर झालेलं. एखाद्या यादीत नवं नाव चढवलं आणि जुनं पर्यायी नाव म्हणून ठेवायचं राहिलं, तर ‘औरंगाबाद’ या अक्षरांशी तंतोतंत जुळणारं मोठं गाव बिहारचंच उरतं.

हवाई आणि रस्त्याचं अंतर ताडून पाहिलं तरी ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही त्याच चुकीच्या ठिपक्यापासून मोजलेली असतात आणि एकमेकांशी छान जुळतात. बघायचा तो ठिपकाच. उत्तर अक्षांश १९.९, पूर्व रेखांश ७५.३ असेल तर आपलं शहर, २४.७ आणि ८४.४ दिसलं की गाडी बिहारमध्ये पोचली. नावापुढे राज्य आणि पिनकोड जोडला तर बहुतेक वेळा प्रश्नच येत नाही. इकडचा ४३१००१, तिकडचा ८२४१०१.

हजार किलोमीटरची चूक तशी गरीबच म्हणायची, डोळ्यांत भरते. खरी लबाड चूक वडगावची. पुण्याच्या पूर्वेला वडगाव शेरी, नैर्ऋत्येला सिंहगड रस्त्याजवळ वडगाव बुद्रुक आणि मुंबईच्या वाटेवर वडगाव मावळ. नुसतं ‘वडगाव’ लिहिलं, तर दहा किलोमीटरच्या जागी चाळीस येतील आणि बिल बिनबोभाट पास होईल. आपल्या जुन्या पत्त्यांत ‘मु. पो. वडगाव’ लिहून कुणी थांबत नसे, पुढे ‘ता.’ आणि ‘जि.’ यायचंच. तक्त्यात त्यांचे रकाने आधी करावेत, अंतराचा नंतर.