दालचिनीतले कुमारिन

२००६ साली जर्मनीत ख्रिसमसच्या दालचिनी-बिस्किटांत कुमारिन हे दालचिनीतले द्रव्य जास्त आढळले आणि तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने ग्राहकांना सावध केले. दोष दालचिनीच्या जातीचा होता. बिस्किटांत स्वस्त, जाड सालीची कॅशिया होती. तिच्या किलोभर पुडीत सरासरी तीन ग्रॅम कुमारिन असते. श्रीलंकेच्या खऱ्या दालचिनीत ते जेमतेम सापडते.

युरोपात रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम, आणि तेवढे दोन ग्रॅम कॅशियात, साधारण चमचाभर पुडीत, येते. पंधरा किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅमच पुरतो! अधूनमधून मर्यादा ओलांडली तर बिघडत नाही. रोज, महिनोन्‌महिने जास्त गेले, तर काही संवेदनशील लोकांच्या यकृताला सूज येऊ शकते. सेवन थांबवल्यावर ती बहुधा ओसरते.

कॅशियाची कांडी जाड, कडक, एकाच थराची. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडली जाणारी. पुडीत मात्र फरक दिसत नाही.

मसालेभातातल्या तुकड्याची काळजी नको. ‘साखर उतरते’ म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी, विशेषतः यकृताचा आजार असलेल्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे.