मुंबईचा पारा आणि अकराचा वारा

नागपूरचं दुपारचं सरासरी कमाल तापमान डिसेंबर-जानेवारीत २८-२९ अंशांच्या आसपास असतं आणि मे महिन्यात ते ४२च्या पुढे जातं. म्हणजे वर्षभरात चौदा अंशांची चढउतार. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेतला हाच आकडा ऐन पावसाळ्यात ३०, तर सर्वांत तापलेल्या महिन्यांत ३४च्या आत. अक्षांशांत दोन्ही शहरांमध्ये जेमतेम दोन अंशांचा फरक आहे आणि सूर्य दोघांवर जवळपास सारखाच तळपतो. मग दहा अंश जातात कुठे? 'समुद्रामुळे' हे उत्तर शाळेतच पाठ होतं. ते बरोबर आहे, पण अर्धंच. कारण सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक, ४२.२ अंश, मे महिन्यातला नाही. तो १४ एप्रिल १९५२चा आहे. २८ मार्च १९५६ रोजी तिथे ४१.७ अंशांची नोंद झाली. समुद्र त्या दिवशीही जागच्या जागीच होता. आला नव्हता तो वारा, निदान वेळेवर तरी.

आधी समुद्राचं बघू. दुपारी किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत अनवाणी उभं राहवत नाही, पण तीच वाळू हाताने वीतभर उकरली की खाली गारवा लागतो. उन्हाची सगळी उष्णता वरच्या पातळ थरातच अडकलेली असते आणि म्हणून तो थर भाजून निघतो. पाण्यात ऊन कित्येक मीटर खोल शिरतं, लाटा वरचं पाणी खालच्यात मिसळत राहतात आणि बाष्पीभवनात बरीच उष्णता खर्च होते. शिवाय तेवढ्याच वजनाची कोरडी माती आणि पाणी घेतलं, तर पाणी एक अंशाने तापवायला चार-पाच पट उष्णता लागते. परिणाम असा, की मुंबईजवळच्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान थंडीत २५-२६ आणि मेमध्ये २९-३० अंश. वर्षभराचा फरक एवढाच. दिवस-रात्रीचा फरक तर सहसा एका अंशाच्याही आत.

पण समुद्र तिकडे शांत आणि आपण इकडे अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये. त्याचा सौम्यपणा आपल्यापर्यंत कुणीतरी आणून पोहोचवायला हवा. ते काम खाऱ्या वाऱ्याचं. सकाळी ऊन चढतं तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा प्रसरण पावून वर जाते आणि जमिनीलगतचा दाब किंचित कमी होतो. हा फरक अगदी मामुली, एक-दोन मिलिबारचा असतो. पण समुद्रावरची जड, थंड हवा आत सरकायला तो पुरतो. वर गेलेली हवा उंचावरून समुद्राकडे परतते आणि चक्र पूर्ण होतं. आत येणारा थर जाडीने काहीशे मीटर, फार तर किलोमीटरभर असतो. हा वारा काही गार नसतो, समुद्राच्या तापमानाचाच असतो. तो पारा फारसा खाली आणत नाही, चढायचा थांबवतो.

म्हणून तो किती वाजता येतो, याला एवढं महत्त्व. मार्चमधल्या एका नमुन्याच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी सातला २२ अंश. आकाश निरभ्र, हवा कोरडी. अशा वेळी पारा तासाला अडीच-तीन अंशांनी चढतो. अकराला ३३ होतात. तेवढ्यात वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून सुरू झाला, की दिवसाची कमाल तिथेच आसपास अडकते. तोच वारा दोन वाजता आला तर? मधल्या तीन तासांत चढण्याचा वेग मंदावला तरी पारा ३९पर्यंत सहज जातो. शहर तेच, सूर्य तोच, समुद्रही तोच. फरक फक्त तीन तासांचा.

हा उशीर करतो पूर्वेचा वारा. मार्चमध्ये दख्खनचं पठार तापू लागलेलं असतं आणि तिकडची कोरडी हवा अधूनमधून सह्याद्री उतरून कोकणात येते. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. साडेपाचशे-सहाशे मीटरचा उतार म्हणजे पाच-सहा अंशांची भर फुकटात. वर हाच वारा खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. त्याच्यावर मात करण्याइतका दाबाचा फरक तयार व्हायला जमिनीला आणखी तापावं लागतं आणि तेवढ्यात दुपार उलटते. खारा वारा अखेर आला की ओळखायला तापमापक लागत नाही. झाडांची पानं, झेंडे, धूर सगळं दिशा बदलतं, फुटलेले ओठ विसरले जातात आणि सदरा अंगाला चिकटू लागतो.

मे महिन्यात पूर्वेच्या वाऱ्याचा जोर संपलेला असतो. उपखंडाच्या आतल्या भागात कमी दाबाचं क्षेत्र पक्कं झालेलं असतं आणि पश्चिमेचा वारा जवळजवळ दिवसभर वाहतो. त्यामुळे सूर्य डोक्यावर असूनही मुंबईची कमाल ३३-३४च्या पुढे क्वचितच जाते. याला 'सौम्य' म्हणायला घामाघूम मुंबईकर तयार होणार नाही आणि त्याचं म्हणणं खरंच आहे. वारा तापमान रोखतो, पण बाष्पही आणतो. घाम वाळत नाही आणि शरीराला थंड होता येत नाही. हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे निकषही म्हणूनच वेगळे आहेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश झाल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांना, सरासरीपेक्षा ते साडेचार अंशांनी जास्त असेल, तर इशारा निघू शकतो.

किनाऱ्यापासून आत जाताना वारा तापत आणि थकत जातो. बदलापूर-कर्जतला तो पोहोचेपर्यंत पारा आपलं काम उरकून बसलेला असतो, त्यामुळे कुलाब्यात ३३ असताना तिथे चाळिशी गाठली जाते. रायगड जिल्ह्यातलं भिरा कोकणातलंच, पण घाटाच्या पायथ्याशी. मार्चमध्ये राज्यातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांत त्याचं नाव अधूनमधून झळकतं. उलट उन्हाळ्यात काही संध्याकाळी हाच पश्चिमेचा वारा घाट ओलांडून पुण्यापर्यंत जातो. तिथली दुपारची कमाल तोवर नोंदवून झालेली असते. फायदा होतो तो संध्याकाळी फिरायला निघालेल्यांना.

थंडीत गणित उलटतं. रात्री जमीन झपाट्याने निवते, समुद्र निवत नाही. आता जमिनीवरची हवा जड होते आणि मतलई वारा समुद्राकडे वाहतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे त्याच्याच जोरावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत. हा वारा खाऱ्यापेक्षा दुबळा असतो, कारण रात्रीचा तापमानातला फरकही कमी असतो. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्यात जमीनच इतकी थोडी, की जानेवारीतली पहाट सांताक्रूझपेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असते. पण उत्तरेकडून थंड, कोरडी हवा जोरात आली तर समुद्राचाही इलाज चालत नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला. कुलाब्यात त्याच पहाटे तो ११.७ होता. समुद्राने शहराला दिलेली ऊब त्या दिवशी चार अंशांची होती आणि तीही शहराच्या एका टोकापुरती.