हिरवी कॅन्डल, तरी तोटा कसा?

परवा भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, कॅन्डल हिरवी आहे, मग माझा शेअर तोट्यात कसा?"

आकडे असे होते. आदल्या दिवशीचा बंद भाव ५१०. आज उघडला ४९८ला, वर ५१२पर्यंत गेला, खाली ४९०पर्यंत आला आणि बंद झाला ५०४ला.

कॅन्डलचा रंग साधारणपणे आजचा उघडता भाव आणि आजचा बंद भाव यांवरून ठरतो. ४९८वरून ५०४, म्हणून हिरवी. कालच्या ५१०शी तिला देणंघेणं नाही. शेअर मात्र कालच्यापेक्षा ६ रुपयांनी खालीच.

लाइन चार्ट फक्त बंद भाव जोडतो. त्यात ५१०वरून ५०४ अशी उतरती रेघ सरळ दिसली असती. पण दिवसभरातली २२ रुपयांची चढउतार गायब!

बार चार्टमध्ये कॅन्डलचेच चार आकडे असतात. ४९० ते ५१२ उभी काडी, डावीकडची छोटी रेघ उघडता भाव, उजवीकडची बंद भाव. जाड अंग नसल्यामुळे रंगाची भूल कमी पडते. मला तो आवडतो, पण हल्ली फारसं कुणी बघत नाही.

आधी ५१२ झाला की ४९०, हे मात्र दिवसाची कॅन्डलही सांगत नाही आणि बारही नाही. त्यासाठी १५ मिनिटांचा चार्ट उघडावा लागतो.

नवख्याने आधी दोन-तीन वर्षांचा लाइन चार्ट बघून कल समजून घ्यावा. स्टॉपलॉस ठरवताना कॅन्डलवर यावं, कारण दिवसाचा नीचांक लाइन चार्टमध्ये दिसत नाही.

तुम्ही कोणता वापरता? काही अडलं तर विचारा.