पायऱ्या दिसाव्यात, तळ दिसू नये

पायविहिरींवरच्या माहितीपटाला नाव द्यायचं म्हटलं की, 'लुप्त होणाऱ्या बारवा', 'हरवलेलं पाणी', 'शेवटची बारव' ही नावं पहिल्या बैठकीतच पुढे येतात. चुकीचं त्यांत काही नाही. पण बारवा बुजत चालल्या आहेत हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक असलेलीच गोष्ट नाव पुन्हा सांगतं. व्हिक्टोरिया लॉटमन यांच्या 2017 मधल्या पुस्तकाचं नाव 'द व्हॅनिशिंग स्टेपवेल्स ऑफ इंडिया' आहे. एकेका विहिरीची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाला असं सरळ नाव शोभतं. माहितीपटाचं तसं नसतं. त्याला तासभर प्रेक्षकाला धरून ठेवायचं असतं.

म्हणून नाव शोधायच्या आधी आपल्या माहितीपटाचा शेवट नेमका कोणता, हे ठरवावं लागतं. बारव बुजली, हा शेवट नव्हे. ती का बुजली, हा शेवट असू शकतो.

समजा, एखादा माहितीपट मराठवाड्यातल्या बारवांपासून सुरू होऊन नारूपाशी संपतो. हा रोग आज चाळिशीच्या आतल्या बहुतेकांना ऐकूनही ठाऊक नाही. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांमध्ये नारूच्या अळ्या असत. ते पाणी न गाळता प्यायलं की साधारण वर्षभरानं कातडीला, बहुतेक वेळा पायाला, फोड येई. तो फुटला की हातभर लांबीचा दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावे. तो काडीला गुंडाळत, तुटू न देता, रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. त्यात कित्येक दिवस जात. आग शमवायला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसला की किडा नव्या अळ्या पाण्यात सोडी आणि तेच पाणी गाव पिई. पाण्यापर्यंत माणसाला नेणाऱ्या पायऱ्याच रोगाची वाट झाल्या होत्या. 1980च्या दशकात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पाणी गाळून पिणं आणि हातपंप यांच्या जोडीला पायविहिरी बंद करणं किंवा त्यांच्या साध्या विहिरी करणं हाही उपाय होता. बारवा ओस पडायला नळ, विंधन विहिरी आणि खोल गेलेलं भूजल ही कारणं आहेतच. पण गावानं स्वतःच्या जिवासाठी बारवेकडे पाठ फिरवली, हे कळल्यावर प्रेक्षकाचा सुरुवातीचा राग एकदम थबकतो. या माहितीपटाचा शेवट तो आहे, आणि नावानं जपायचं आहे ते तेवढंच.

आता नावं तपासून पाहू. 'नारू' म्हटलं तर सगळंच उघडं पडतं. 'बारव कोणी मारली?' हे नाव कुतूहल जागवतं, पण एक गुन्हेगार सापडेल असं वचनही देऊन बसतं, आणि इथे गुन्हेगार नाही. 'शापित बारव'नं गर्दी होईल. मात्र भुताच्या आशेनं आलेला माणूस चिडून बाहेर पडेल, आणि ते योग्यच. नुसतं 'बारव' ठेवलं तर शोधणाऱ्याला त्याच शब्दाच्या शेकडो चित्रफितींत हा माहितीपट सापडणार नाही.

'पाण्यापर्यंत' मात्र टिकतं. माहितीपट पाहण्याआधी त्यातून उतरणं दिसतं आणि खाली काय आहे हा प्रश्न पडतो. पाहून झाल्यावर त्याच नावात रोगाचा प्रवासही दिसू लागतो. विषय कळण्यासाठी खाली 'महाराष्ट्रातल्या बारवांची गोष्ट' अशी उपओळ पुरते.

गाजलेल्या माहितीपटांनीही हे भान ठेवलं आहे. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (2012) मध्ये दक्षिण आफ्रिकेतले दोन चाहते रॉड्रिगेझ या गायकाचा माग काढतात. तो मेल्याच्या कहाण्या तिथे पसरलेल्या होत्या. नाव फक्त शोधाबद्दल बोलतं. तो सापडतो का, जिवंत आहे का, यावर ते गप्प राहतं. 'मॅन ऑन वायर' (2008) हे शब्द तर फिलिप पेटी यांना अटक करणाऱ्या पोलिसांच्या अहवालातून उचललेले आहेत. चित्रित झालेल्या मुलाखतींत, जुन्या दप्तरांत, शिलालेखांत असे शब्द सापडतात. बैठकीत सुचलेल्या नावापेक्षा ते बहुधा सरस ठरतात.

नाव पक्कं करण्याआधी माहितीपट न पाहिलेल्या चार-पाच जणांना ते कागदावर लिहून दाखवावं आणि 'यात काय घडत असेल?' एवढंच विचारावं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं आणि ते बरोबर असलं, तर नाव बदलावं. कुणालाच काही सुचलं नाही, तरीही बदलावं. उत्तरं वेगवेगळी आली आणि सगळी बारवेच्या आसपास राहिली, तर नाव चालेल. मग भित्तिपत्रक, महोत्सवाच्या पुस्तिकेतला दोन ओळींचा परिचय आणि झलक यांवरूनही नजर फिरवावी. नावानं राखलेला नारू बहुतेक वेळा त्या परिचयातच फुटतो.